पहिला रिपोर्ट कुणाचा

हितेंद्र सरांचा एक लाडका नियम होता: दोन रिपोर्ट सारखे आले, तर आधी आलेला खरा आणि नंतरचा नक्कल. जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात या नियमाचा फायदा अनुजइतका कुणीच उठवला नसेल. प्रयोग करायची त्याच्या वर्गातली रूही, गणितं मांडायची रूही, आणि हा जामनेरचा पठ्ठ्या तिच्या कच्च्या कागदांचे फोटो काढून, रंगीत प्रिंट मारून, सकाळीच सरांच्या टेबलावर ठेवायचा. मार्क कापले जायचे रूहीचे. तिला भयंकर संताप यायचा, कधी रडूही. आता आणखी एक नक्कल ठरली असती, तर ती टर्मवर्कमध्ये नापासच होणार होती.

हीट एक्स्चेंजरचा प्रयोग आला तेव्हा तिने ठरवलं, बास झालं.

आतल्या नळीतून गरम पाणी, बाहेरच्या नळीतून तितकंच थंड. दोन्ही एकाच टोकाने सोडली की पॅरलल फ्लो, समोरासमोरून सोडली की काउंटर. पॅरललमध्ये सत्तर अंशांचं गरम पाणी बावन्नवर उतरलं आणि तीसचं थंड अठ्ठेचाळीसवर चढलं. काउंटरमध्ये गरम अठ्ठेचाळीसवर उतरलं, थंड बावन्नवर चढलं. स्वतःचा रिपोर्ट रूहीने नीट लिहिला. अनुजला द्यायच्या कागदावर मात्र दोन मथळ्यांची तेवढी अदलाबदल केली.

"घे रे, सगळं तयार आहे," ती साळसूदपणे म्हणाली.

काउंटरचा इफेक्टिव्हनेस, म्हणजे शक्य तेवढ्यातली प्रत्यक्षात किती उष्णता दिली गेली तो आकडा, जास्त असतो, एवढं अनुजने कुठेतरी ऐकलं होतं. कागदावर उलटं दिसताच गड्याने तापमानं तशीच ठेवून शेवटचे इफेक्टिव्हनेसचे दोन आकडे तेवढे आपसात फिरवले आणि मोठ्या ऐटीत रिपोर्ट सगळ्यात आधी जमा केला.

तोंडी परीक्षेत सरांनी तोच उघडला.

"अनुजशेठ, पॅरललमध्ये दोन्ही प्रवाह एकाच दिशेने जातात ना?"

"हो सर."

"मग बाहेर पडताना थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जास्त तापलं कसं?"

"सर, जळगावचा उन्हाळा..."

अख्खी लॅब खिदळली. सर मात्र हसले नाहीत. "गरम पाणी बावीस अंश उतरलं. सत्तरवरून तीसपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त चाळीस उतरू शकलं असतं. बावीस भागिले चाळीस किती?"

"पॉइंट पंचावन्न."

"आणि तू लिहिलंस पॉइंट पंचेचाळीस! स्वतःचेच आकडे भागले नाहीस?"

त्यांनी रूहीचा रिपोर्ट काढला. पॅरलल पॉइंट पंचेचाळीस, काउंटर पॉइंट पंचावन्न, सगळं जागच्या जागी. तापमानं दोन्हीकडे तीच होती; ती मोजली कुणी आणि उतरवली कुणी, हे सरांच्या लक्षात आलं.

"रूही, तुझे मागचे कापलेले मार्क मी भरून देतो," ते जरा ओशाळून म्हणाले. "अनुज, मशीन चालू कर. माझ्यासमोर दोन्ही फ्लो घेऊन दाखव."

रूहीला इतका आनंद झाला की हसू लपवायला तिने ओढणी तोंडावर धरली. अनुज मशीनपाशी गेला. चार व्हॉल्व्ह बघून त्याला घाम फुटला. तो हळूच तिच्याकडे वळला.

"रूही, पॅरललला कोणता उघडायचा गं?"

"मला काय विचारतोस?" रूही सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पहिला रिपोर्ट तर नेहमी तुझाच असतो."