आम्लराई

वामन सरांना रसायनशास्त्र येत होतं आणि विनोद येत नव्हता. सरांचा समज नेमका उलटा होता. रसायनशास्त्र काय, पुस्तक वाचून कुणीही शिकवेल. आपली खरी करामत कोट्यांमध्ये आहे, असं ते मानून चालत. बावीस वर्षं वर्गात त्यांनी कोट्या केल्या आणि बावीस वर्षं त्यांना ते एकटेच हसले. मुलं फळ्याकडे बघत, नाहीतर घड्याळाकडे.

त्या कोट्यांची एक वही होती. बुधवारा पेठेतल्या घरी कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली. तिच्या चौथ्या पानावर एक शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. तो शब्द सरांचा फार लाडका. वर्गात तो त्यांनी आजवर सहा वेळा सांगितला होता, आणि सहाही वेळा कुणीतरी विचारलं होतं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

त्यामुळे यंदाच्या आंतरशालेय प्रश्नमंजुषेचं पत्रक आलं, विषय रसायनशास्त्र, आणि परीक्षक म्हणून बोलावणं आलं तेव्हा सरांना आकाश ठेंगणं झालं. कारण या स्पर्धेची रीतच अशी की संघांना अ, ब, क, ड म्हणायचं नाही. प्रत्येक संघाने विषयातून कोटी काढून नाव घ्यायचं आणि पहिली फेरी नावाचीच. एकाने माइकवर येऊन वीस सेकंदांत नाव उलगडायचं. दोन परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण: चार शास्त्र बरोबर असल्याचे, चार हशाचे, दोन आटोपशीरपणाचे. शेवटचे दोन उगाच नव्हते. गुणफलक लिहिणारा पाच फेऱ्या तेच नाव पुकारतो. नाव मारुतीच्या शेपटीएवढं असलं की तिसऱ्या फेरीत तो ते तोडतो, आणि तुटलेल्या नावाला कोण हसणार?

शनिवारी सकाळी कॉलेजच्या सभागृहाबाहेर नोंदणीच्या टेबलाशी गर्दी होती. टेबलावर रुपाली मॅडम. स्पर्धा त्यांचीच, दुसऱ्या परीक्षकही त्याच, आणि हातात लाल पेन. एका संघाने 'वॅट लागली' असं नाव आणलं होतं.

"बेटा, हे मागच्या वर्षीचं. वॅट भौतिकशास्त्रात," मॅडम म्हणाल्या. "यंदा केमिस्ट्री आहे."

"मॅडम, पण वाट तर यंदा पण लागणारच आहे ना!"

"दुसरं आण."

वामन सर बाजूला उभे राहून सगळी नावं चाखत होते. 'मोलभाव' ठीक. 'पारा चढला' झकास. असीरगढच्या बाजूच्या शाळेतून केळीवाल्यांच्या पोरी आल्या होत्या, त्यांचं 'केळमिस्ट्री'. सरांनी मान डोलावली. ही कालची पोरं, आणि यांच्या नावाला सगळी रांग हसत होती.

एवढ्यात सरांच्याच शाळेचा संघ आला. कप्तान चारुलता, सोबत मयूर आणि पूजा. चारुलता अकरावीची, आवर्तसारणी उलटी म्हणून दाखवणारी. चेहरा नेहमी परीक्षेच्या हॉलमध्ये असल्यासारखा. वर्गात सरांच्या कोटीवर तिने कधी भुवईसुद्धा हलवली नव्हती.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

"आम्लेट," चारुलता म्हणाली.

रांगेत कुणीतरी कण्हलं. मॅडमनी वही तिच्याकडे वळवली. आम्लेट नऊ वाजता नोंदलं गेलं होतं, आणि त्याखाली आणखी दोन आम्लेटं खोडलेली होती. आधी येईल त्याचं नाव, हा नियम. "केमिस्ट्रीच्या वर्षी तीन-चार येतातच," मॅडम म्हणाल्या. "साडेदहाला वही बंद. दहा मिनिटं आहेत. नाव नाही तर एंट्री नाही."

तिघं खांबाआड गेली. मयूर म्हणाला, "क्षार... क्षार..." आणि तिथेच अडकला. पूजा रडकुंडीला आली. चारुलता म्हणाली, "मला नाही जमत हे असलं. मी सगळं पाठ करून आली, एकशे अठरा मूलद्रव्यं, आणि आता आम्लेटवरून घरी जायचं का?"

सरांनी ते ऐकलं. पोरांची दया आली, हे खरं. पण खरं सांगायचं तर दया चार आणे होती आणि बारा आणे वहीचं चौथं पान. आपली कोटी एकदा तरी भरल्या सभागृहात जावी, लोकांनी हसावं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. ते खांबाआड गेले आणि इकडेतिकडे बघून कुजबुजले, "आम्लराई."

"काय?"

"अमराई असते ना? तशी आम्लराई. कैरी आंबट, म्हणजे आम्ल..." आणि सर स्वतःच फिस्सकन हसले.

तिघांपैकी कुणीही हसलं नाही. चारुलताने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "सर, इथं लिहिलंय. 'नाव संघानेच तयार केले आहे.' खाली कप्तानची सही पाहिजे. आणि तुम्ही तर परीक्षक आहे."

"अगं, तू फॉर्मवर लिहिलंस की तुझंच झालं ते. पाच मिनिटं उरलीत."

तिने सही केली. करताना तिचा हात थांबला होता, ते सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

नावाची फेरी सुरू झाली. 'मोलभाव'च्या पोराने मोल म्हणजे काय ते सांगता सांगता वीस सेकंद खाल्ले आणि भाव राहूनच गेला. केळमिस्ट्रीच्या पोरीने सांगितलं की केळी पिकवतो तो इथिलीन वायू, आणि घरी कच्च्या घडात एक पिकलेलं केळं ठेवलं की तेच बाकीच्यांना बिघडवतं, "आमच्या संघात ते केळं मी आहे." टाळ्या झाल्या.

मग चारुलता उठली. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आमचं नाव आम्लराई," ती म्हणाली, बातम्या वाचाव्या तशी. "कैरीत सायट्रिक आणि मॅलिक आम्ल असतं. कैरी पिकते तसं आम्ल कमी होतं आणि साखर वाढते." ती थांबली. सभागृहाकडे गंभीरपणे बघितलं. "आमची तयारी बघता यंदा आंबे नाहीत. लोणचं घाला."

एक क्षण काहीच झालं नाही. मग मागच्या रांगेपासून हशा जो उसळला तो पुढपर्यंत आला. रुपाली मॅडम पेन खाली ठेवून हसल्या. पाणी वाटणारा शिपाई हसला. वामन सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं! आणि आता ओरडून सांगावंसं वाटत होतं की लोकहो, हे माझं आहे, आणि ओठ शिवलेले. मॅडमनी दहापैकी दहा दिले. सरांनी दहा लिहिले, खोडले, नऊ केले. तेवढा एक गुण कापला की आपण निःपक्षपाती ठरतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या चार फेऱ्या चारुलताने गाजवल्या. शेवटी फलकावर वरचे चार होते: पारा चढला अठ्ठ्याण्णव, आम्लराई एक्क्याण्णव, केळमिस्ट्री चौऱ्याऐंशी, मोलभाव शहात्तर. पदकं पहिल्या तिघांना. मयूर आणि पूजा एकमेकांना टाळ्या देत होती.

मॅडमनी माइक घेतला. "पदकांच्या आधी एक विचारायचंय. आठ वर्षांत असं नाव आलं नव्हतं. चारुलता, हे तुला सुचलं कसं?"

माइक तिच्यासमोर धरला गेला. एकशे अठरा मूलद्रव्यं पाठ असलेल्या पोरीला एक खोटं वाक्य जुळवता येईना. तिने सरांकडे पाहिलं, फक्त पाहिलं. तक्रार नव्हती, मागणी नव्हती. कान लाल झाले होते. सभागृहाला वाटलं, लाजली.

सरांना वाटलं, मेलो. आत्ता गप्प बसलो तर ही पोर इथे चारशे माणसांसमोर खोटं बोलेल, नाहीतर खोटी ठरेल, आणि दोन्ही माझ्यापायी. चोरी माझी आणि सही तिची. ते उठले. गुडघा टेबलाला लागून पाण्याचा पेला कलंडला.

"ते नाव माझं आहे," ते म्हणाले. "मी दिलं. परीक्षक असून दिलं. तिने नियम दाखवला होता, मी सही करायला लावली. तिची चूक नाही."

कुठूनतरी सरांच्याच शाळेतल्या एका पोराचा आवाज आला, "वामन सरांच्या कोटीला आपण हसलो?" त्यावर जो हशा झाला तो पहिल्याहून मोठा होता; पण तो कोटीला नव्हता.

रुपाली मॅडमनी लाल पेन उचललं. नावाच्या फेरीचे एकोणीस गुण गेले, राहिले बहात्तर. आम्लराई चौथी. केळमिस्ट्रीच्या पोरींना रौप्य मिळालं, मोलभाव तिसरा, आणि पुढल्या वर्षापासून वामन सर परीक्षक नाहीत, असं मॅडमनी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं.

परत जाताना रिक्षात मागे पोरं, पुढे रिक्षावाल्या सुपडूच्या शेजारी अर्ध्या सीटवर सर. राजघाटाकडचं वळण गेलं तेव्हा सर न वळता म्हणाले, "चुकलो मी. तुमचं पदक घालवलं. माझ्या हौसेपायी."

चारुलता म्हणाली, "सर, एक सांगू? नाव चांगलं होतं. वर्गात पण सांगितलं होतं तुम्ही, मला आठवतं."

"मग हसली नाहीस ती?"

"तुम्हीच आधी हसून घेता ना, सर. आमच्यासाठी काही ठेवतच नाही."

बावीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि नेमके तेव्हा ते हसत असतील.

खिशातला फोन वाजला. मुख्याध्यापक. सरांनी स्पीकर लावला, कारण सुपडूची रिक्षा बोलू देत नाही. "कळलं मला सगळं," पलीकडून आवाज आला. "सोमवारी भेटा. पोरं काय म्हणतायत? त्यांची प्रतिक्रिया काय?"

सरांनी आरशात पाहिलं. तीन फुगलेले चेहरे. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि सवयीने हसूही आलं. सरांनी ते दातांखाली धरलं आणि बातम्या वाचाव्या तसे म्हणाले,

"प्रतिक्रिया अजून नाही, साहेब. अभिक्रिया चालू आहे. फार उष्णता बाहेर पडतेय."

आणि थांबले. मनात मोजलं: एक, दोन.

तीनला मयूर फुटला. मग पूजा. मग सुपडू, ज्याला काही कळलं नव्हतं. आरशात चारुलताने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते.

सगळ्यांचं हसून झालं. मग वामन सर हसले.