टेपखालची तारीख

सगळी सोसायटी त्यांना फाईलकाका म्हणायची. घरात टाचणी आली तरी तिचं बिल ते जपून ठेवत.

त्या दुपारी काकूंच्या प्राणवायूच्या मशीनवरचा पिवळा दिवा लागला. मशीन घरघरत होतं, पण त्यातून शुद्ध प्राणवायू येईना. काकांनी काकूंची नळी कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरला जोडली आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन उघडून पाहिलं. कॉम्प्रेसर गेला होता. वॉरंटी दोन वर्षांची होती, आणि क्लेम नोंदवला की कंपनी लगेच बदली मशीन पाठवणार होती. त्यासाठी फक्त खरेदीची तारीख दाखवणारं बिल हवं होतं.

काकांना हायसं वाटलं. बिल म्हणजे त्यांचा हातखंडा. त्यांनी फाईल काढली. प्लास्टिकच्या पिशवीतलं बिल फिकं पडलं होतं, तरी दुकानाचं नाव वाचता येत होतं. पण तारीख आणि बिल नंबर, ज्यांवर त्यांनी मुद्दाम चिकटपट्टी लावली होती, तिथे कोरा पांढरा पट्टा होता. जणू कुणी जीभ फिरवून चाटून घेतलं होतं.

"टेपनेच खाल्लं, काका," दुरुस्तीवाला म्हणाला. या कागदावर शाईच नसते. वरच्या लेपाला उष्णता लागली की अक्षर काळं होतं. टेपचा गोंद, प्लास्टिकची पिशवी, ऊन, तेलकट हात, सगळेच ते काळेपण उडवतात. त्याच दिवशी फोटो काढायचा, झेरॉक्स करायची आणि मूळ बिल कागदी पाकिटात, अंधारात, गार जागी ठेवायचं.

काकांनी हळूच विचारलं, इस्त्री फिरवून पाहू का? तो म्हणाला, मग अख्खा कागदच काळा होईल.

"अहो," पलंगावरून काकू म्हणाल्या, मध्येच श्वास घेत, "लग्नाच्या पत्रिकेला तरी टेप नाही ना लावलीत?"



दुरुस्तीवाल्याने दुकानात फोन लावला. मोबाईल नंबरावरून बिल सापडतं, पण गेल्या वर्षीची नोंद जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि तो गोदामात होता. दुकानदार म्हणाला, बघतो. त्या 'बघतो'चा अर्थ काकांनी तासभर मनात उलटापालटा केला. वाट बघताना त्यांनी फाईलची पुढची पानं चाळली. फ्रिज, पंखा, काकूंचं श्रवणयंत्र. एकेका पिशवीत कोरा कागद, नीट घडी घातलेला.

शेवटी बिलाच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो आला. दुरुस्तीवाल्याने क्लेम नोंदवला. बदली मशीन गाडीत चढलं होतं, पण गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यावर टेकला होता. दुरुस्तीवाल्याने तो पाहिला आणि दुसऱ्या सिलिंडरसाठी फोन लावत जिन्यात गेला.

"किती वेळ लागेल हो?" काकूंनी विचारलं.

"आलंच," काका म्हणाले. पुराव्याचा कागद नसताना ते आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या ठामपणे बोलले होते.