ढमीच्या फासळ्या

मांजराचा सोस आमच्या ह्यांना, मला नाही. ढमीला मी सात वर्षांत एकदाही मांडीवर घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, हे आता कळतंय.

ढमी म्हणजे लांब केसांची, पांढरी, खाऊन खाऊन खरंच ढमाली झालेली मांजर. एप्रिलमध्ये सिविल लाइंसमधल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, तर ते म्हणाले, "गोविंदरावजी, ये बहुत भारी है." मग त्यांनी आम्हाला हातानं ओळखायला शिकवलं. फासळ्यांवरून बोटं हलक्यानं फिरवायची. मूठ आवळल्यावर बोटांच्या गाठी लागतात तशा फासळ्या लागल्या तर मांजर वाळलंय. सरळ धरलेल्या हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर ठीक. तळहातासारखं गुबगुबीत लागलं, हाडं शोधावी लागली, तर जाड. वरून पाहिलं की फासळ्यांच्या मागे कंबर जराशी आत गेलेली दिसायला हवी. खाणं थोडं थोडं कमी करा, फासळ्या लागायला लागल्या की थांबा, आणि दर महिन्याला वजनाला आणा, असंही त्यांनी बजावलं.

वजनाला कोण नेतंय! ह्यांची पस्तीस वर्षं झाशीच्या रेल्वे यार्डात गेली, गाडी थांबली की डब्यांचे धुरे, म्हणजे चाकांचे आस, हात लावून तपासण्यात. कुठला धुरा तापलाय ते हाताला आधी कळायचं. "मेरा हाथ ही काँटा है, डॉक्टर साहब," असं सांगून आले. दर रविवारी आंघोळ करून, पायात मोजे चढवून बसायचे, ढमीला जवळ घ्यायचे, डोळे मिटून बोटं फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "अजून तळहात." की वाटीतलं खाणं आणखी चिमूटभर कमी. मे झाला, जुलै झाला, दसरा आला, तरी तळहातच. ढमी स्वयंपाकघरात माझ्या पायांत येऊन ओरडायची आणि मी मेली तिला हाकलायची. "भूक कसली, चटक आहे ती," असं मीच म्हणायची.

परवा सकाळी ओट्यावर चढली. खाली उतरवायला म्हणून दोन्ही हातांनी उचलली, तर हाताला काही वजनच लागलं नाही. अगं बाई! मी तिथेच खाली बसले. केसांत बोटं घातली. एक, दोन, तीन, चार... प्रत्येक फासळी वेगळी, टोकदार. पाठीचे मणके वर आलेले. केस दाबले तर कंबर इतकी आत की माझी मूठ मावेल. वरून बघावं तर नुसता केसांचा फुगारा, ऐसपैस.

"अहो! ही मरायला टेकलीय!"

हे आले, शांतपणे बसले, डोळे मिटले. बोटं फासळ्यांवरून गेली, पुन्हा मागे आली. "काहीतरीच तुझं, कल्याणी. चांगली गुबगुबीत आहे."

मला भयंकर राग आला. हातात हाडं आहेत आणि माणूस गुबगुबीत म्हणतोय! थट्टा करताय का, असं ओरडणार होते. पण चेहरा पाहिला तर थट्टेचा नव्हता.

"डोळे उघडू नका," मी म्हटलं. ढमीला बाजूला सरकवलं, माझी मूठ घट्ट आवळली आणि बोटांच्या गाठी त्यांच्या बोटांखाली दिल्या. "आता सांगा."

त्यांनी अगदी मन लावून चाचपलं. "तेच की. तळहात."

मूठ तशीच धरून ठेवली. ह्यांचा बारा वर्षांचा साखरेचा आजार, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. माणसाच्या हातातून जाणीव निघून गेली आणि घरात कोणाला पत्ता नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "एकदम पेट भर के मत खिलाइए, थोड़ा-थोड़ा दीजिए, और अभी लेकर आइए." थोडं उकडलेलं चिकन दिलं, तर ढमीनं वाटी चाटून पुसून काढली. ती खात होती तोवर हे खुर्चीत बसून आपल्या बोटांकडे बघत होते. "पण कल्याणी, यार्डात मी कधी चुकलो नव्हतो गं," एवढंच म्हणाले.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"काय होतंय? मला काही होतच नाही."

ढमीला पिशवीत घातलं, ऑटो बोलावला. ह्यांनी चपला घालायला पाय उचलला, तेव्हा उजव्या मोज्याच्या तळाला तपकिरी डाग दिसला. मी खाली बसून मोजा ओढला. तो कातडीला चिकटला होता, जोर लावून सोडवावा लागला. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. टाचेच्या पुढे एक लोखंडी चूक रुतलेली होती, बुडापर्यंत, गंजलेली. भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"चल ना," हे म्हणाले. "ढमीला उशीर होतोय. खाली बसून काय बघतेस?"