उम्म सिनानची डिस्क

बसऱ्यात सरकारी वीज जाते, गल्लीतला जनरेटर लागतो आणि त्या झटक्यात कुणाचं ना कुणाचं यंत्र मरतं. या वेळी पाळी उम्म सिनानच्या, म्हणजे सिनानच्या आईच्या, बेकरीतल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची होती. मेला सुरू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा, बंद पडायचा आणि पुन्हा सुरू.

"शाकीर, त्यात माझा सिनान आहे," ती म्हणाली. "दीड वर्षापूर्वी याच दारातून गेला, तो गेलाच. बघायचं धाडस होत नाही रे. पण कुणाला हात लावू दिलेला नाही."

मी डिस्कची वायर काढली, तर रेकॉर्डर मुकाट चालू झाला. म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर ठीक होतं. डिस्क जोडली की पुन्हा तेच रडगाणं. मग नवा अडॅप्टर लावला आणि डिस्कही फिरू लागली. जुन्या अडॅप्टरला तिचा भार झेपत नव्हता, एवढंच.

उम्म सिनान आत पीठ मळत होती. मी सर्वांत जुनं चित्रीकरण शोधलं. ते तीन आठवड्यांपूर्वीचं निघालं. डिस्क भरली की हे नालायक यंत्र जुन्यावरच नवं लिहितं. सिनान केव्हाच पुसला गेला होता, ती समोर पाव विकत असताना.

मी घाईघाईने डिस्क बाहेर काढली. "जळली," मी ओरडून सांगितलं.

तिने वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मीही साथ दिली.

मग पिठाचे हात पुसून तिने तळवा पुढे केला.

"दे इकडे. बसऱ्यात तू एकटाच मेकॅनिक आहेस का?"