येतो म्हणावं

अनुप गेला, त्याचा जलदान विधी होऊन अकरा महिने झाले होते, आन त्याचे व्हिडिओ पाहणारा गल्लीतला रजत माह्या दुकानात येऊन मोबाईल पुढं करते आन म्हणते, "ताई, अनुपभाऊ ऑनलाईन हाय."

मी म्हटलं, "रजत, तुले चार्जर पायजे तं घे, नाईतं चालता हो." डोकं माह्यं पहिल्यापासूनच गरम. सेलूच्या बाजारात बाईमाणसानं मोबाईलचं दुकान चालवायचं म्हणजे गरम डोकंच कामी येते. पण त्या पोट्ट्याच्या तोंडावरचा रंग पाहून मी मोबाईल हातात घेतला.

अनुप माह्या लहाना भाऊ. नागपूरले कंपनीत होता आन इन्स्टावर आपल्या वऱ्हाडीत क्रिप्टोचे व्हिडिओ टाके. एकोणीस हजार लोक पाहात त्याले. दर व्हिडिओच्या शेवटी एकच गोष्ट सांगे, "डबल करून देतो म्हणणाऱ्याले पहिले विचारा भाऊ, तू तुह्यं काऊन नाई करत डबल?" केळझरच्या पुढं ट्रकनं उडवला त्याले. बत्तीसावं चालू होतं.

त्याच अकाउंटवर, त्याच्याच हसऱ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मी माझ्या मित्रांना परत देत आहे. तुम्ही जितके कॉइन पाठवाल त्याच्या दुप्पट त्वरित मिळतील. फक्त पहिले पन्नास जण.' खाली कॉइन पाठवाचा एक लांबलचक पत्ता, अक्षरं आन आकडे. कमेंट बंद करून ठेवलेल्या. आन त्याच्या नावाजवळ हिरवा ठिपका.

मले मालूम होतं हे काय हाय. कोणाचं जुनं अकाउंट ताब्यात घ्याचं, त्याच्या ओळखीच्यायले लुटायचं. हे मी गिऱ्हाईकायले रोज सांगतो. तरी त्या हिरव्या ठिपक्याकडं पाहून मी त्याच्यावर बोट फिरवलं, खोटं काऊन बोलू.

रजत गेल्यावर मी अनुपच्या नंबरवर फोन लावला. रिंग गेली. अकरा महिन्यांनी त्या नंबरची रिंग ऐकली मी. एका बाईनं उचलला.

"ये नंबर तो मेरा है दीदी, पाँच महीने से. नया सिम लिया तो यही मिला." मंग ती म्हणते, "कुछ दिन पहले किसी का फोन आया था. बोला, भैया का अकाउंट चालू करना है, कोड आया होगा, बता दो. मैंने बता दिया. कुछ गलत हुआ क्या?"

मी म्हटलं, नाई, आन फोन ठेवला. तिची काय चूक? चूक माही. आख्ख्या सेलूचे रिचार्ज मी मारतो. भावाच्या नंबरचा मारला नाई. दर महिन्याले त्याचा नंबर टाकाची आन हात मागं घ्याची, मेलेल्या माणसाचा काय रिचार्ज मारायचा म्हणून. नंबर बंद पडला, कंपनीनं दुसऱ्याले देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माह्या बाप दुकानात आला. हरिदास मेकॅनिक म्हणून सारे ओळखतात त्याले, एसटीतून रिटायर. माह्या बाप म्हणजे चौकात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणणार आन सरबत करून पेणार. देव नसते, भूत नसते, आत्मा नसते, माणूस गेला की गेला, हे त्यानं पन्नास गावात सभा घेऊन सांगतलेलं.

तो काउंटरशी उभा राहून म्हणते, "पौर्णिमा, थोडा टीआरएक्स देतं का वं?"

अनुपनं बाबाच्या मोबाईलमधी एक वॉलेट काढून दिलं होतं. त्यात डॉलरच्या भावाचे कॉइन, आजच्या हिशेबानं पावणेदोन लाखाचे. माही पोरगी मयुरी बारावीले हाय. तिच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी मामानं ठेवले ते. पण ते कॉइन हलवाले फी लागते, आन ती फी टीआरएक्स नावाच्या दुसऱ्या कॉइनात भराव लागते. माह्यापाशी अनुपनं देल्लेला थोडा होता, बाबापाशी तो नव्हताच. म्हणजे पैसे जिथल्या तिथं अडकलेले.

"कोणाले पाठवून राह्यले?" मी विचारलं.

तो मोबाईल खिशात घालाले लागला. मी मोबाईल हिसकून घेतला.

'प्रिय बाबा, आपण कसे आहात? मला आपली आठवण येते.' त्याच्याखाली तोच पत्ता. वर सरकवलं तं अनुपचे जुने खरे मेसेज, 'बाबा, बीपीची गोळी घेतली का?', 'बाबा, आईले सांगजो रविवारी येतो.' त्या चोरानं हे सारं वाचलेलं होतं, तिथूनच त्यानं बाबा शब्द उचलला.

"अनुपनं जिंदगीत तुमाले 'आपण' म्हटलं का कधी?" मी वरडली. "आपण कसे आहात म्हणते. हे मशीनचं मराठी हाय."

"तिकडं गेल्यावर शुद्ध बोलत असन," बाप म्हणते.

"तिकडं म्हणजे कुठं? तुम्ही तं म्हणत होते तिकडं काईच नसते."

माह्या तोंडाले काई धरबंद नाई, लागलं असन त्याले. पण मले पोरीची फी दिसून राह्यली होती.

संध्याकाळी घरी गेली. मीराबाई, माही आई, अंगणात गहू निवडून राह्यली होती. मी बाबाले बाजूले बसवून त्या पत्त्याचं पान उघडून दाखवलं. हे कोणालेही पाहता येते, यात लपवाछपवी नसते. कोणाचे पन्नास आले, कोणाचे तीनशे. आले की दहा मिनिटाच्या आत सारे एकदम तिसऱ्याच पत्त्यावर. दुप्पट सोडा, एकालेही एक पैसा परत गेलेला नव्हता.

"इतके लोक?" बाप म्हणते.

"इतके. हे सारे आपल्या अनुपचे दोस्त असतीन, त्याच्या भरवशावर."

त्यानं चष्मा काढला, पुसला. मले वाटलं, समजलं. मी म्हटलं, "आता कॉइन माह्या वॉलेटात टाकून घेऊ, फी मी भरतो."

"नाई. त्याच्या हातचं हाय, असू दे. ॲडमिशन लागलं की काढू."

तेवढ्यात मोबाईल वाजला. अनुपच्या अकाउंटवरून मेसेज. बाबानं दुपारीच तिथं लिहून ठेवलं होतं, फी नाई, पाठवता येत नाई. त्याचं उत्तर आलतं.

'ठीक आहे बाबा. मी जातो.'

बाबानं वाचलं. मोबाईल त्यानं आईकडं केला. आईनं वाचलं. सूप तिच्या हातातून खाली आलं आन गहू सारे अंगणभर झाले.

आपल्यात घरातून निंघताना जातो म्हणत नाईत. येतो म्हणतात. लहान लेकरालेही मालूम असते. ट्रकनं उडवला त्या दिवशी सकाळी अनुप गाडीले किक मारून म्हणे, "जातो वं आई." आई म्हणे, "जातो नाई रे, येतो म्हणावं." तो हासला, म्हणे, "काई होत नाई वं, बाबा म्हणते ना सारी अंधश्रद्धा," आन गेला. ही गोष्ट आम्हा तिघायशिवाय कोणालेच मालूम नाई. कोण्या मेसेजात नाई, कोण्या व्हिडिओत नाई.

मशीनले काय ठाऊक? तिनं कोण्यातरी भाषेतून आणलं आन ठेवलं, जातो. हे मी मनाले सांगत होती आन माह्या पाठीवर काटा उभा होता. जो शब्द वाचून कोणीही मराठी माणूस म्हणन, हा आपला नव्हे, त्याच शब्दानं आमच्या घरात तो आपला झाला.

बाबानं एका बोटानं टाइप केलं, 'जातो नाई. येतो म्हणावं.'

उत्तराले वेळ लागला. आम्ही तिघं त्या काचेकडं पाहत उभे. मंग आलं, 'येतो.'

माह्या बाप रडला. अनुपले जमिनीत ठेवताना रडला नव्हता तो.

मी रातभर झोपली नाई आन सकाळीच अनुपच्या मृत्यूचा दाखला घेऊन बसली. इन्स्टाच्या फॉर्ममधी तो चढवला, अकाउंट मेलेल्या माणसाचं हाय, चोरानं घेतलं हाय असं लिहिलं. १९३० या सायबर हेल्पलाईनवरही तक्रार केली. बाबाच्या मोबाईलची मले चिंता नव्हती. टीआरएक्स माह्यापाशी, म्हणजे कुलपाची चावी माह्यापाशी. रजतपाशीही तो कॉइन होता, त्यालेही सांगून ठेवलं होतं, बाबा मांगाले आले तं देजो नको.

पाचव्या दिवशी अकाउंट गेलं. नाव शोधलं तं काईच येईना. माह्या भावाचा चेहरा मीच पुसला तिथून, पण बरं वाटलं मले. मयुरीसाठी पावशेर पेढे घेऊन घरी गेली.

बाप खाटेवर बसलेला, आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून. इतक्या महिन्यात त्याचं तोंड असं पाह्यलं नव्हतं मी.

"आला तो," बाप म्हणते.

"कोण?"

त्यानं मोबाईल दिला. अनुपचा तोच फोटो, तेच नाव. फक्त नावाच्या शेवटी एक बारीक आडवी रेघ जास्तीची. सकाळचा मेसेज होता, 'माझे जुने अकाउंट बंद झाले. मी परत आलो आहे बाबा.'

मी वॉलेट उघडलं. शून्य.

"फी कुठून आणली?" माह्या आवाज माह्याच कानाले अनोळखी वाटला. "कोणं देल्ला टीआरएक्स?"

"त्यानंच पाठवला. तीस." बाप हळूच म्हणते. "मी त्याले म्हटलं, माह्यापाशी नाई, पोरगी देत नाई. तं त्यानं पाठवला. पौर्णिमा, लुटणारा कधी आधी देते का वं? मले दुप्पट नाई पायजे. त्यानं मांगतलं, मी देल्लं. येतो म्हणून आला ना तो?"

आत मयुरी पेढ्याचा पुडा सोडून राह्यली होती. मी तिले काई सांगतलं नाई. सांगाव लागन, उद्या.

मी मोबाईल घेऊन अंगणात गेली. त्या हरामखोराले अशा शिव्या हासडायच्या होत्या का त्याच्या सात पिढ्यायले ऐकू गेल्या पायजे. लिहाले बसली. तू कोण, तुह्या मायनं तुले काय शिकवलं, माह्या पोरीचं वर्ष खाल्लं तुनं. सारं लिहिलं. समोर अनुप हासत होता, दिवाळीत मीच काढलेला तो फोटो, मागं आपल्याच घराचं निळं दार. त्याच्या बाजूले हिरवा ठिपका.

मी लिहिलेलं सारं पुसलं. आन एकच शब्द लिहिला, 'येजो'. पाठवून देल्ला.

खाली लगेच तीन टिंबं हलाले लागली.