नवाच्या पुढचा आकडा

करमाडच्या बाजारगल्लीत गजालाचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. टेबलाखाली यूपीएस होता, आणि तो सहा महिने टीं-टीं करत होता. गजालानं त्याच्यावर उशी ठेवली. तो उशीखालून टीं-टीं करू लागला, तेव्हा तिनं दुसरी ठेवली.

लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत रांगेतली माणसं मोठ्यानं आकडे मोजायची. रीतच पडली होती. यूपीएस नवा होता तेव्हा सहाशेला लोक कंटाळायचे. दिवाळीत साठ झाले. आता नऊ. गजाला म्हणायची, लोकच सावकाश मोजतात.

आज समोर बसलेल्या सायलीच्या नर्सिंग प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, अर्ज पाचपर्यंतच. लाइट सारखी डोळा मारत होती, आणि राऊटरही यूपीएसवरच. चार वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्यांदा—

"सात... आठ... नऊ," रांग म्हणाली. पडदा काळा.

सायलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तिचा बाप कचरू म्हणाला, "ताई, उशा काढा बरं. ते लई दिवसांपासून काही सांगायलंय."

"रोजचंच रडगाणं आहे, भाऊ."

"म्हातारं माणूस रोज कण्हतं, म्हून त्याला काय झालंच नाय व्हय?"

गजालानं उशा काढल्या. आतून भट्टीची धग आली. लाल दिवा कधीचा पेटलेला. लाइट आल्यावर तिनं प्लग काढून यूपीएस उघडला. आतली सीलबंद बॅटरी पोट फुगून अडकली होती, ओढून काढावी लागली. चार वर्षांची. नवी आणायला शहर गाठायचं, म्हणजे पाच केव्हाच वाजणार.

कचरू बॅटरीकडं बघत राहिला. मग त्यानं पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवला. "ह्या पंपात बी असलीच पेटी हाय. कालच नवी टाकली, रातभर चार्ज केली."

गजालानं वाचलं: बारा व्होल्ट. माप तेच. "चालेल. पण तुमची फवारणी?"

"अळी उद्या बी ऱ्हाईल, ताई. ही तारीख नाय ऱ्हायची."

लाल तार लालला, काळी काळ्याला. कॉम्प्युटर सुरू झाला. शेवटचं पान उघडलं, आणि लाइट गेली.

"एक..." यूपीएस सावकाश, समजूतदारपणे टीं करत होता. नवाला सगळ्यांनी पडद्याकडं पाहिलं.

"दहा," सायली हळूच म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत त्या दुकानात हा आकडा कुणी उच्चारला नव्हता. मागं एकानं टाळी वाजवली.

चौसष्टला अर्ज गेला. तरी रांग दोनशेपर्यंत मोजत राहिली. थांबायचं कुठं, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

कचरू हलका पंप पाठीवर टाकून निघाला. "सकाळी नवी बॅटरी घेऊन वावरात येते," गजाला म्हणाली. उशा तिनं खुर्च्यांवर ठेवल्या.

टेबलाखालून टीं झालं. ती पटकन खाली वाकली.

"काय रे?" तिनं विचारलं, आणि ऐकत बसली.