उलट्या बाजूची आखणी

गवंड्याचं घर प्लॉटच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर उभं होतं. खरेदीखत मात्र पश्चिमेकडच्या अर्ध्याचं होतं. इतकी वर्षं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने टाकलेल्या लेकीच्या नावावर घर बक्षीस करून द्यावं म्हणून तो दस्तलेखकाकडे गेला, तेव्हा चतुःसीमा वाचताना ते निघालं.

चूक कुठे झाली, हे त्याला लगेच आठवलं. अर्धा प्लॉट त्याला विकून उरलेला अर्धा स्वतःकडे ठेवणारा टेलर त्याचा जिवाभावाचा मित्र. कच्चा नकाशा टेलरनेच काढला होता. कापड नेहमी उलट्या बाजूने आखायची सवय. तसाच त्याने प्लॉटही आखला. डावं उजवीकडे गेलं, लिहिणाऱ्याने जसंच्या तसं उतरवलं आणि दोघांनी हसत सह्या ठोकल्या.

"चूक दुरुस्ती पत्र करू," दस्तलेखक म्हणाला. "क्षेत्रफळ तेवढंच, किंमत तेवढीच, त्यामुळे मुद्रांक नाममात्र. पण लिहून देणारे हवेत. टेलर तर वारला, मग त्याचे सगळे वारस."

वारस दोनच. टेलरची बायको, म्हणजे गवंड्याच्या वहिनी, आणि मुलगा.

ठरल्या दिवशी सगळे निबंधक कार्यालयात आले. बाकावर एका टोकाला गवंडी आणि लेक, दुसऱ्या टोकाला वहिनी. मुलगा उभाच. दस्तलेखकाने मूळ खताचा नोंदणी क्रमांक, चुकीच्या सीमा आणि खऱ्या सीमा असं सगळं वाचून दाखवलं. वहिनींनी सही केली. मुलानेही केली.

"भावजी, त्यांना साधी बाही कधी उलटी लागली नाही हो," वहिनी म्हणाल्या. "आणि जागेचं बघा काय करून ठेवलं!"

"अहो, शर्ट उसवता तरी येतो," गवंडी म्हणाला. सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो दस्ताची पानं मागेपुढे करत होता.

"म्हणजे रस्त्याकडची पूर्वेची बाजू कागदावर अजून आमचीच?" त्याने विचारलं.

"कागदावर," दस्तलेखक म्हणाला. "म्हणून तर दुरुस्ती."

"आणि आमच्याकडे राहिलं काय? पाणी तुंबतं ते डबकं."

"अरे, तुझ्या बाबांनी विकलं तेव्हा तिकडे रस्ता कुठे होता?" वहिनी म्हणाल्या. "गप बस."

त्याने पानं खाली ठेवली. पुकारा झाला. निबंधकांनी आधी वहिनींना विचारलं, दस्त लिहून दिला हे कबूल आहे का. त्या हो म्हणाल्या; अंगठा, फोटो झाला. मग मुलाला तेच विचारलं.

"नाही. मला कबूल नाही."

"अरे, आत्ता सही केलीस ना!" वहिनी ओरडल्या.

"स्वतः वाचायच्या आधी केली, आई. ती मी मानत नाही. यांनी विकत घेतलं ते लिहिलेलं आहे. तिकडे राहावं."

निबंधकांनी पेन खाली ठेवलं. "हे कबुली नाकारतात. यांच्यापुरती नोंदणी मी करू शकत नाही. सह्या खऱ्या की खोट्या, चूक कुणाची, हे ठरवायचं काम माझं नाही. आईंपुरता नोंदवता येईल, पण त्याने सीमा बदलणार नाहीत. न्यायालयात जा."

"साहेब, घर मी माझ्या हातांनी बांधलंय," गवंडी म्हणाला.

"खरं असेल, काका. तिथे सांगा." त्यांनी पुढच्याला हाक मारली.

बाहेर व्हरांड्यात वहिनींनी लेकीचा हात धरला. "मी आहे तोवर तुम्हाला कुणी उठवणार नाही गं."

"आणि तुमच्यानंतर, काकू?"

वहिनींनी हात धरूनच ठेवला. मुलगा गाडी सुरू करून वाट बघत होता. शेवटी त्या जाऊन मागे बसल्या.

दस्तलेखक जवळ आला. "दावा लावावा लागेल. चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. वहिनींची साक्ष मिळाली तर जमेची बाजू."

"मुलाच्या विरुद्ध देतील का त्या?"

"त्यांच्याच घरात राहतात. काय सांगावं?"

"निकाल कधी लागेल?"

दस्तलेखकाने नुसते हात उडवले.

"मग आज लेकीच्या नावावर काय लिहून देता येईल?"

"कागदाप्रमाणे पश्चिमेचा भाग. पण तो लिहून दिलात, तर तुम्हीच कबूल केलंत की घर तुमचं नाही. घराचं लिहायचं, तर कागदाला घर ठाऊक नाही."

"म्हणजे काहीच नाही."

"आज तरी काहीच नाही, काका."

गवंडी पायरीवर बसला. तो दोन बोटांनी पायरीच्या दगडातला सांधा चाचपत होता. सिमेंटचा माल कमी पडला होता तिथे. लेक शेजारी येऊन बसली.

"बाबा, दावा तुमच्या नावाने लावायचा ना?"

"हो."

"आणि तुम्ही गेलात तर?"

"तर वारस म्हणून तू उभं राहायचं. तोवर वहिनी असतील तर असतील."

तिने पदराने तोंड पुसलं. मग उठून दस्तलेखकाकडे गेली आणि वकिलाचा पत्ता मागितला.